परीक्षेची धास्ती आणि श्वासाचे ॲप: मोबाईल फाटकाबाहेर राहतो तेव्हा

नीटच्या परीक्षेच्या दिवशी दुपारी दीड वाजता केंद्राचे फाटक बंद होते, दोनला पेपर सुरू होतो आणि पाचला संपतो. मोबाईल त्याच्या कितीतरी आधी आईबाबांच्या हाती सोपवावा लागतो आणि मनगटी घड्याळसुद्धा आत नेता येत नाही. म्हणजे ज्या काही तासांसाठी विद्यार्थी वर्षभर श्वासाचे ॲप वापरत आलेला असतो, नेमक्या त्या तासांत ते त्याच्याजवळ नसते. इंदूरमध्ये भंवरकुआंच्या शिकवण्यांमध्ये शिकणाऱ्या बऱ्याच मुलामुलींच्या मोबाईलमध्ये आज असे एखादे ॲप असते. पडद्यावर एक वर्तुळ फुगते आणि आकसते, त्याच्या तालावर श्वास घ्यायचा आणि सोडायचा, आणि पाच मिनिटांनी एक मंद घंटा वाजते. या पाच मिनिटांत शरीरात खरोखर काही घडते. परंतु काय घडते आणि काय घडत नाही हे नीट समजून घेतले नाही, तर ज्या मुलाला डॉक्टरांकडे न्यायला हवे होते तो घरात बसून वर्तुळाकडे पाहत राहतो आणि घरच्यांना वाटते की उपाय चालू आहे.

परीक्षेच्या धास्तीचे दोन भाग असतात, हे मानसशास्त्रात बऱ्याच काळापासून मानले जाते. १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस या अमेरिकी संशोधकांनी ते वेगळे करून दाखवले. एक भाग शरीराचा आहे: छातीत धडधड, तळहातांना घाम, पोटात गोळा, घशाला कोरड. दुसरा भाग मनात चालणाऱ्या काळजीचा आहे: ‘मला काहीच आठवणार नाही’, ‘यंदाही गेलं’, ‘बाबांनी भरलेली फी वाया गेली’. हे दोन्ही भाग सहसा एकत्र येत असले तरी गुणांवर होणारा त्यांचा परिणाम सारखा नसतो. त्या वेळच्या आणि नंतरच्याही अभ्यासांत असे दिसत आले आहे, की गुण कमी होण्याशी काळजीचा संबंध अधिक घट्ट आहे आणि धडधडीचा बराच सैल. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. गणित सोडवताना मधल्या पायऱ्या ज्या तात्पुरत्या स्मरणात धरून ठेवायच्या असतात, तीच जागा काळजीची वाक्ये अडवून बसतात. हृदय जोरात धडधडत असताना माणूस प्रश्न सोडवू शकतो, पण मनात सतत ‘यंदाही गेलं’ चालू असेल तर त्याच्या हातून वजाबाकीचे चिन्हसुद्धा सुटते.

श्वासाचे ॲप मुख्यतः यांपैकी पहिल्या भागावर काम करते. पुढचे सगळे या एका गोष्टीवरून येते.

आधी ते काम कसे होते ते पाहू. मनगटावर बोट ठेवून नाडी शोधा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळजवळ येतात आणि बाहेर सोडताना किंचित लांबतात; तरुण माणसात हा फरक बोटालाही जाणवतो. हृदयाची गती आवरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू उच्छ्वासाच्या वेळी अधिक जोमाने काम करतो, म्हणून असे होते. उच्छ्वास मुद्दाम लांबवला, तर प्रत्येक श्वासचक्रात हृदयावरचा हा लगाम थोडा अधिक वेळ ओढलेला राहतो. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. हे प्रमाण सहाच्या आसपास आणले, म्हणजे चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर असा ताल धरला, तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांची लय श्वासाशी जुळू लागते आणि शरीराची सावध अवस्था उतरू लागते. २०२३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी रोज पाच मिनिटे, सुमारे महिनाभर, असे श्वसनाचे प्रकार आणि ध्यान यांची तुलना केली. त्यात लांब उच्छ्वासावर भर देणाऱ्या प्रकाराने लोकांची मनःस्थिती ध्यानापेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले. मात्र ते सर्वसाधारण निरोगी लोक होते, धास्तीने आजारी पडलेले नव्हते. हा फरक ॲपच्या जाहिरातींत सहसा गाळला जातो.

या सरावात सगळ्यात जास्त चुका होतात त्या ‘मोठा श्वास घे’ या सल्ल्याने. घाबरलेल्या मुलीला आई, आजी, शेजारच्या काकू, सगळ्या हेच सांगतात आणि काही ॲपसुद्धा हेच सांगतात. घाबरलेले माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असते. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण तो आधीच जवळपास पूर्ण भरलेला असतो. उलट कार्बन डायऑक्साईड मात्र भराभर बाहेर फेकला जातो. तो निरुपयोगी वायू आहे असे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण रक्तात त्याचे ठरावीक प्रमाण असणे आवश्यक असते. ते घसरले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोके हलके होते, चक्कर येते. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे श्वास पुरत नाही असे वाटू लागते. मग ती मुलगी आणखी मोठा श्वास घेते आणि प्रकरण वाढत जाते. कोविडच्या काळापासून अनेक घरांत ऑक्सिमीटर आहे. अशा वेळी तो बोटाला लावला तर ९८ किंवा ९९ असा आकडा दिसतो आणि मुलगी म्हणत असते, ‘आई, श्वासच येत नाहीये.’ दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असतात.

म्हणून ॲप निवडताना आणि वापरताना पाहायचे ते एवढेच, की श्वास लहान आणि मंद राहतो का. तो नाकाने घ्यावा, पोटापर्यंत यावा, खांदे उचलले जाऊ नयेत आणि सोडताना ओठ किंचित मिटून हवा संथपणे जाऊ द्यावी. सराव करताना डोके हलके होऊ लागले किंवा मुंग्या आल्या, तर आपण मंद श्वसनाच्या नावाखाली खोल आणि जोरदार श्वसन करत आहोत असे समजून श्वास आणखी लहान करावा. बऱ्याच ॲपमध्ये श्वास रोखून धरण्याचे प्रकारही असतात: चार-चार सेकंदांचा चौकोन, किंवा चार सेकंद आत, सात सेकंद रोखून आणि आठ सेकंद बाहेर. सवय असलेल्यांना ते चांगले वाटतात. ज्याला घाबरल्यावर गुदमरल्यासारखे होते, त्याने सुरुवातीला ते टाळलेले बरे. श्वास रोखल्यावर कार्बन डायऑक्साईड वाढतो, हवा हवी अशी तीव्र इच्छा होते, आणि काहींच्या बाबतीत तीच इच्छा घबराटीला निमित्त ठरते. सेकंद बदलता येतात, रोखून धरण्याचा टप्पा शून्यावर नेता येतो आणि इंटरनेट बंद असतानाही जे चालते, असे साधे ॲप पुरेसे असते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना तोडगा तर करूच नये, कारण समोरच्याला दम्याचा झटका आलेला असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

आता मोबाईल फाटकाबाहेर राहण्याचा प्रश्न. ॲप हे शिकवणी म्हणून वापरावे, आणि शिकवणी कधीतरी संपायला हवी. पहिल्या आठवड्यात वर्तुळाकडे पाहून, रोज ठरलेल्या एकाच वेळी, पाच मिनिटे सराव करावा. ही वेळ घाबरल्यानंतरची नसावी; शांत असतानाच ही हालचाल अंगवळणी पडते, गडबडीत ती प्रथमच करून पाहण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या आठवड्यात ॲप लावून डोळे मिटावेत आणि फक्त आवाज ऐकावा. तिसऱ्या आठवड्यात ॲप बंद करून मनात चार आणि सहा मोजावेत, तेही खुर्चीवर ताठ बसून, हातात पेन धरून, जसे परीक्षेत बसायचे आहे तसे. त्यानंतर रविवारच्या सराव परीक्षेत त्याची जागा ठरवावी. सध्याच्या नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. दहा सेकंदांचा एक, असे तीन श्वास म्हणजे अर्धे मिनिट, म्हणजे अर्ध्या प्रश्नाचा वेळ. पेपर हातात आल्यावर एकदा आणि विषय बदलताना एकदा, असा हा खर्च परवडतो. प्रत्येक अडलेल्या प्रश्नाला डोळे मिटून बसणे परवडत नाही, आणि ते करावेसे वाटत असेल तर ते वेगळ्याच गोष्टीचे लक्षण आहे.

ती वेगळी गोष्ट एका उदाहरणातून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्याचे तपशील नेहमी दिसणारे आहेत. लोकमान्य नगरात राहणारी, बारावीनंतर एक वर्ष थांबून नीटची दुसऱ्यांदा तयारी करणारी एक मुलगी घ्या; तिला मुक्ता म्हणू. जीवशास्त्र तिला आवडते, भौतिकशास्त्राचे प्रश्न समोर आले की धडधड सुरू होते. नोव्हेंबरमध्ये मैत्रिणीने तिला ॲप सांगितले आणि पहिले काही दिवस छान गेले. रात्री पाच मिनिटे केल्यावर झोप लवकर लागू लागली. पुढे ती भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडण्याआधी ते लावू लागली. मग पाच मिनिटांनी पुरेसे शांत वाटेना म्हणून दहा मिनिटे, मग वीस. जानेवारीत एका सराव परीक्षेत ती भौतिकशास्त्राच्या सातव्या प्रश्नाला उठली आणि प्रसाधनगृहात जाऊन श्वास मोजत बसली. परत आली तोवर पंधरा मिनिटे गेली होती. पुढच्या रविवारी तिने आईला सांगितले, ‘आज मन शांत नाहीये, पुढच्या वेळी बसते.’ आईला त्यात काही वावगे दिसले नाही. मुलगी रडत नव्हती, चिडत नव्हती, कानात इअरफोन घालून शांत बसली होती, आणि ॲप सांगत होते की तिने सलग कितीतरी दिवस एकही सत्र चुकवलेले नाही.

इथे नेमके काय बिघडले? भौतिकशास्त्र समोर आले की मुक्ता घाबरते. ॲप लावले की भौतिकशास्त्र दूर होते आणि बरे वाटते. बरे वाटले, म्हणून पुढच्या वेळी ॲप आधी उघडले जाते. प्रत्येक फेरीत तिचे मन एक धडा पक्का करते: ‘मी निभावले ते श्वासामुळे, नाहीतर काही खरे नव्हते.’ श्वास न मोजताही दोन-चार मिनिटांत धडधड आपोआप उतरली असती आणि प्रश्न तरीही सुटला असता, हे तिला कळण्याची संधीच उरत नाही. मानसोपचाराच्या भाषेत याला सुरक्षा वर्तन म्हणतात. भीतीच्या जागी टिकून राहण्यासाठी माणूस जो आधार घेतो, तोच भीतीला जिवंत ठेवतो. त्यात मुक्ताने अंगावर एक नवे कामही घेतले आहे. तिला आता भौतिकशास्त्र सोडवायचे आहे आणि शिवाय शांतही राहायचे आहे, आणि दुसरे जमत नाही तोवर पहिले ती सुरूच करत नाही.

याच कारणामुळे, वारंवार घबराटीचे झटके येणाऱ्या लोकांच्या उपचारात श्वसनाच्या सरावाची जागा संशोधकांनी तपासून पाहिली. पूर्वी तो उपचाराचा ठरलेला भाग असे. २००० च्या सुमारास हा भाग वगळून आणि ठेवून तुलना झाली, तेव्हा तो घातल्याने उपचाराच्या परिणामात फारशी भर पडत नसल्याचे दिसले. याचा अर्थ श्वसन निरुपयोगी आहे असा नाही. पण बरे होण्याचे मुख्य काम भीतीला सामोरे जाण्याने आणि तिचा अंदाज खोटा ठरताना पाहण्याने होते, आणि वर्तुळ फुगवणारे ॲप ते काम करत नाही.

मुक्ता क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेली तर तिथे काय होईल? पहिली भेट बरीचशी प्रश्नांची असते. धडधड कधी सुरू होते, किती वेळ टिकते, तेव्हा मनात कोणते वाक्य येते, काय करणे टळते आहे. झोप किती, जेवण कसे, चहाकॉफी किती. (रात्री दोनपर्यंत जागायचे म्हणून सहा-सात कप चहा पिणाऱ्या मुलाची धडधड निम्मी चहाचीच असू शकते, आणि इंदूरमध्ये तर पोह्यांबरोबर दिवसाचा पहिला चहा मोजलाच जात नाही.) बहुतेक ठिकाणी एक छोटी प्रश्नावली भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत काळजी किती वेळा सतावते यावर सात प्रश्न असतात, गुण ० ते २१, आणि १० किंवा त्याहून अधिक आले तर बारकाईने तपासावे असा संकेत आहे. काही ॲपमध्येही हीच प्रश्नावली असते. पण ती फक्त चाळणी आहे, तिच्यावरून निदान होत नाही. आकड्यामागे काय आहे ते समोरासमोर बोलूनच कळते. तीच धडधड थायरॉईड वाढल्याने, रक्तातले हिमोग्लोबिन घसरल्याने किंवा हृदयाच्या लयीतल्या दोषानेही होऊ शकते, आणि बारीक झालेल्या, हात थरथरणाऱ्या मुलीकडे पाहून डॉक्टरला जी शंका येते ती ॲपला येऊ शकत नाही.

पुढच्या भेटींत काम काळजीवर सुरू होते. मुक्ताचे वाक्य समजा असे आहे: ‘धडधड सुरू झाली की मला काही सुचत नाही.’ सायकॉलॉजिस्ट त्यावर समजूत घालत बसत नाही, तर ते वाक्य तपासायला लावतो. मागच्या सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका काढायच्या, जिथे धडधड झाली होती त्या प्रश्नांवर खूण करायची आणि त्यांतले किती बरोबर आले ते मोजायचे. बहुतेकदा असे दिसते, की धडधडीतही बरेचसे बरोबर आलेले असतात आणि खरे नुकसान सोडून दिलेल्या प्रश्नांनी केलेले असते. मग पायऱ्या ठरतात. पहिली पायरी, घरी घड्याळ लावून भौतिकशास्त्राचे दहा प्रश्न, ॲप न लावता. मग ४५ प्रश्नांचा पूर्ण विभाग. मग शिकवणीच्या वर्गात, इतरांच्या बरोबरीने. प्रत्येक पायरीआधी भीतीचा अंदाज लिहायचा आणि नंतर काय झाले ते लिहायचे. एक पायरी ऐकायला विचित्र वाटते: इमारतीचे जिने भराभर चढायचे, हृदय धडधडत असतानाच खुर्चीवर बसायचे आणि श्वास न सावरता थेट पहिला प्रश्न सोडवायला घ्यायचा. यातून मुक्ताच्या शरीराला कळते की धडधड आणि सुचणे एकाच वेळी नांदू शकतात. ज्या संवेदनेपासून ॲप तिला दूर नेत होते, त्याच संवेदनेत तिला मुद्दाम बसवले जाते. हा सराव तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचा असतो, आणि दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना तो असा दिला जात नाही.

विचार आणि वर्तन यांवर असे काम करणाऱ्या पद्धतीला सीबीटी म्हणतात, आणि साधारण आठ ते बारा भेटी लागतात. म्हणूनच एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धावत जाण्यापेक्षा दिवाळीनंतर, डिसेंबरपर्यंत गेलेले चांगले. उशीर झाला असेल तर सायकॉलॉजिस्ट कमी पायऱ्यांचा उपक्रम आखतो. काहीच न करण्यापेक्षा तोही पुष्कळ चांगला. या काळात ॲप टाकून द्यावे लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे ते राहू शकते. फक्त भौतिकशास्त्राच्या आधी उघडायचे नाही एवढे ठरते. काळजीसाठी तिच्या हातात आणखी एक साधन येते: परीक्षेआधी दहा मिनिटे, मनात जी भीती आहे ती कागदावर जशीच्या तशी लिहून काढायची. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परीक्षेची जास्त धास्ती असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण अशा लेखनाने सुधारल्याचे दिसले होते. तो कागद कोणाला दाखवायचा नसतो आणि केंद्राच्या आत न्यायचाही नसतो.

गोळ्यांबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण वसतिगृहांत त्या हातोहात फिरतात. धडधड थांबवणारी प्रोप्रानोलॉल दम्याच्या रुग्णाला धोकादायक ठरू शकते. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, नवे लक्षात राहण्यात अडथळा येतो आणि सवय लागते. परीक्षेच्या आधी हे सगळेच नको असते. धास्ती किंवा उदासीनता तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ वेगळी औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसायला सहसा काही आठवडे लागतात, आणि ती कधी सुरू करायची व कधी थांबवायची हे त्यांनीच ठरवायचे असते.

कोणाकडे जायचे याचा गोंधळ घरोघर असतो. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस नंतर त्या विषयात पुढचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलण्याच्या आणि वर्तनाच्या पद्धतींनी उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोचण्याचे कारण नाही. समुपदेशक हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लिहू शकतो, तेव्हा शिक्षण विचारून घ्यावे. शिकवणीतले समुपदेशक कित्येकदा मनापासून काम करतात, पण पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचे कामही त्यांच्याकडेच असेल तर त्यांच्या सल्ल्याला मर्यादा येते, असे माझे मत आहे. इंदूरमध्ये एमवाय रुग्णालय आणि बाणगंगा इथले मानसिक रुग्णालय या सरकारी सोयी आहेत. बाणगंगाचे नाव काढले की आपल्या घरांत अजूनही आवाज खाली येतो आणि ‘लोक काय म्हणतील’ सुरू होते. ज्यांना तेवढेही बाहेर पडणे जड वाटते, त्यांनी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकापासून सुरुवात करावी. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते, आणि हिंदी-मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

मग ॲपवर थांबावे कधी आणि तज्ज्ञाकडे जावे कधी? परीक्षेच्या आधीचे एक-दोन दिवस पोटात गोळा येतो, पेपर सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत उतरतो, बाकी दिवस झोप, जेवण आणि अभ्यास चालू आहे, अशा मुलाला ॲप पुरेसे आहे आणि त्याला उगाच रुग्ण करू नये. टाळणे सुरू झाले, सराव परीक्षा चुकू लागल्या, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडली, परीक्षेचा संबंध नसतानाही झटके येऊ लागले, किंवा तीन-चार आठवडे नियमित सराव करूनही ॲपचा वेळ वाढतच चालला आणि अभ्यासाचा घटत चालला, तर तज्ज्ञाची वेळ घ्यावी. ॲपवरचा वेळ वाढत जाणे हे सगळ्यात सहज नजरेआड होणारे लक्षण आहे, कारण बाहेरून तो शहाणपणा दिसतो.

‘मी नसलेलीच बरी’, ‘सगळं संपवावंसं वाटतं’ असे काही मूल बोलले किंवा लिहिलेले सापडले, तर श्वासाचा विषय तिथेच संपतो. त्याला एकटे सोडू नये, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असे स्पष्ट शब्दांत विचारावे, घरातल्या गोळ्या आणि विषारी वस्तू हलवाव्यात, १४४१६ ला फोन करावा, आणि धोका समोर दिसत असेल तर ११२ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही भीती निराधार आहे.

पहिल्या भेटीला जाताना सोबत काय न्यावे, हे पालक हमखास विचारतात. गेल्या तीन-चार सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका न्याव्यात, चालू असलेल्या औषधांची नावे लिहून न्यावीत, आणि ॲपमधली नोंद उघडून दाखवावी. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मिनिटे ते लावले याची यादी त्यात असते. मुक्ताच्या यादीत सायंकाळी सहाच्या सुमाराची गर्दी दिसली असती, आणि सहाला तिचा भौतिकशास्त्राचा तास असे. आईने किंवा बाबांनी सुरुवातीची दहा मिनिटे आत बसून आपल्याला काय दिसले ते सांगावे आणि मग बाहेर येऊन मुलीला एकटीला बोलू द्यावे. अठरा वर्षांखालील मुलांच्या उपचाराला पालकांची संमती लागते. पण आत काय बोलणे झाले ते शब्दशः कळावे असा आग्रह धरला, तर पुढच्या भेटीत मुलगी बोलायचीच थांबते.